नाते, असल्यास

धरणगावला गाडी थांबली आणि तिने हात काढून घेतला.

झालं ते एवढंच. जानेवारीतली सकाळ, संक्रांत होऊन आठवडा झालेला, पॅसेंजर नेहमीसारखी उशिरा. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरलेली आणि कोणीतरी बोटाने त्यावर बदाम काढून ठेवलेला. आम्ही दोघी शेजारी. तिच्या मांडीवर माझी डब्याची पिशवी, पिशवीवर माझा हात, माझ्या हातावर तिचा. अमळनेरला तिने रुमाल टाकून जागा धरली की पुढची ही मांडणी आपोआप व्हायची, अडीच वर्षं होत आली होती. धरणगावला चढणाऱ्या गर्दीत तिच्या गल्लीतल्या एक वहिनी होत्या. माहेरी आलेल्या, तिथूनच जळगावला दवाखान्यात निघालेल्या. "कश्या शेतस व पोरीहो?" म्हणत त्या समोर बसल्या. माझ्या हाताला वरून एकदम गार लागलं, झोपेत अंगावरची गोधडी कोणी ओढून घ्यावी तसं. खाली बघितलं तर तिचा हात पिशवीच्या कडेवर होता आणि माझा पिशवीच्या आत, पास चाचपत.

पुढे पाळधी गेलं, जळगाव आलं. तेवढ्या वेळात ती वहिनींशी त्यांच्या गुडघ्याबद्दल, गुडघ्याच्या डॉक्टरबद्दल, डॉक्टरच्या फीबद्दल इतकं बोलली की मला आश्चर्य वाटलं. एरवी सकाळी ती फार बोलत नाही, झोप डोळ्यांत असते तिच्या. स्टेशनवर उतरताना मला म्हणाली, "संध्याकाळी नेहमीचीच ना?" मी म्हटलं, हो. ती रिक्षाकडे वळली, मी बँकेकडे. दिवसभर व्हाउचर तपासताना तीन वेळा बेरीज चुकली.

बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर हे सगळं हास्यास्पद वाटेल याची मला कल्पना आहे. कारण आमच्याकडे हात धरण्याला काही अर्थच नाही. म्हणजे एका बाईने दुसऱ्या बाईचा हात धरण्याला. मुलगा-मुलगी एका बाकड्यावर बसले तर अख्खं गाव जागं होतं, आणि दोन बाया एका पांघरुणात झोपल्या तरी गाव घोरत असतं. लग्नघरी आम्ही आठ-आठ जणी एका सतरंजीवर आडव्या पडतो, कोणाचा पाय कोणावर पडला हे सकाळीही कळत नाही. मे महिन्यात पत्र्याचं घर रात्री बारापर्यंत तापलेलं असतं, तेव्हा सगळी गल्ली गच्चीवर असते आणि मैत्रिणी एकमेकींच्या दंडावर डोकं ठेवून तारे बघतात. डोक्याला तेल घालणं, मेंदी काढणं, पाठीची चेन लावून देणं, ताटातला घास उचलून तोंडात घालणं, हे तर रोजचं. परगावच्या, विशेषतः मोठ्या शहरांतल्या लोकांना या सगळ्या खुणा वाटतात. इथे त्या खुणा नाहीत, हवा आहे. हवेतून कोणाचं मन काय म्हणतंय ते कसं ओळखायचं?

शब्दांचंही तेच. आमच्या भाषेत माणसावर 'जीव लागतो'. पण तो भाच्यावर लागतो, शेजारणीवर लागतो, वासरावरही लागतो. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस भेट झाली नाही, तेव्हा तिचा फोन आला होता. एरवी आम्ही बँकेतलं-शाळेतलं मराठी बोलतो, पण मनातलं काही आलं की ती अहिराणीवर उतरते. म्हणाली, "तुनाबिगर करमस नही माले." मी रात्रभर ते वाक्य जिभेखाली गोळीसारखं ठेवून झोपले. आणि दुसऱ्या दिवशी आमची मावशी आली, बाजारात विकलेल्या म्हशीबद्दल बोलत होती, डोळ्यांना पदर लावून अगदी तेच म्हणाली. तिनाबिगर करमस नही. शब्द तेच, आवाजातला ओलावाही तोच. मी हसले तर मावशी रागावली.

तर स्पर्श कामाचा नाही, शब्द कामाचा नाही. काळजी म्हणावी तर ती डब्यात माझ्यासाठी कळण्याची भाकरी जास्तीची आणते, आणि तिच्या शाळेतल्या शिपाईमावशींसाठीही आणते. ती सगळ्यांचीच अशी काळजी घेते. मी कितीही मनाशी मोजमाप केलं तरी माझ्या वाट्याची भाकरी दुसऱ्यांपेक्षा मोठी ठरत नव्हती.

अखाजीची, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेची, गोष्ट सांगते, कारण संशयाचं बी तिथलं. २०२४ सालची, दहा मेची अखाजी. तिच्या आजोळच्या गावी गेलो होतो दोघी. सकाळी घागर भरून झाली, पितरांना जेवायला घालून झालं, पुरणपोळी-आमरसाने डोळे जड झालेले, पुरुष मंडळी पारावर पत्ते कुटायला बसलेली. मागच्या वाड्यात कडुनिंबाला जाड दोराचा झोका बांधला होता. माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत एकेक करून चढत होत्या. आम्ही दोघी एकदम चढलो, समोरासमोर उभ्या राहून. ज्यांनी असा झोका घेतला असेल त्यांना माहीत आहे, यात एकीने गुडघे वाकवले की दुसरीने ताठ व्हायचं असतं. जोर आळीपाळीने द्यायचा. ताल चुकला तर झोका आडवा जातो. आमचा चुकला नाही. झोका इतका वर गेला की पायाखाली पत्रे दिसायला लागले, लिंबोण्या डोक्यावर आपटत होत्या, आणि दर वेळी खाली येताना तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर यायचा. ती डोळे मिटत नव्हती. बाकीच्या मिटतात.

खाली तिच्या मामी उभ्या होत्या. त्या ओरडल्या, "दोन भाऊ देखा न व माय, जावा-जावा व्हई जा!" सगळ्या हसल्या. हा आमच्याकडचा जुना तोडगा आहे. दोन मैत्रिणींचं एकमेकींवाचून पान हलत नसेल तर त्यांना दोन सख्ख्या भावांना द्यायचं, मग जन्मभर एका चुलीपुढे बसा. माझ्या आजीची आणि तिच्या धाकट्या जावेची सोयरीक अशीच जुळवलेली होती म्हणतात. दोघींनी एकच अडकित्ता शेवटपर्यंत वापरला. आजी गेली त्यानंतर त्या जावेने सुपारी खाणं सोडलं. लहानपणी मला वाटायचं, दात पडले म्हणून सोडलं असेल.

त्या रात्री गच्चीवर, सगळ्या झोपल्यावर, ती हळूच म्हणाली, "मामी बरोबर बोलली. जावा झालो तर एका घरात राहता येईल."

मी विचारलं, "आणि ते दोन भाऊ?"

"ते राहतील त्यांचे त्यांचे पारावर," ती म्हणाली आणि कूस बदलली. तोंड माझ्याकडे होतं की पलीकडे, ते अंधारात दिसलं नाही. मी ते विनोद म्हणून घेतलं. आजही तो विनोद असू शकतो. हीच तर अडचण आहे, आमच्याकडे सगळं गंभीर विनोदात सांगतात आणि सगळा विनोद गंभीर चेहऱ्याने.

एक गोष्ट मात्र आजीच्या काळी नव्हती आणि आता आहे. त्या काळी याला नाव नव्हतं. निदान आमच्या गल्लीत तरी नव्हतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ३७७ कलमातून संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढ माणसांना वगळलं, त्या दिवशी टीव्हीवर रात्रभर चर्चा चालली. आमच्या आईने पहिल्यांदा 'समलैंगिक' हा शब्द ऐकला आणि म्हणाली, "हे काय असतं?" मी म्हटलं, जेव. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल आला. लग्नाची मागणी कोर्टाने मान्य केली नाही, ते काम संसदेचं म्हणून सोडून दिलं. नवरात्रातली तिसरी माळ होती. संध्याकाळच्या गाडीत बायकांच्या घोळक्यात तोच विषय. एकजण म्हणाली, "बरं झालं, नाहीतर उद्या आपल्या पोरीच सुना आणतील घरात." दुसरी हसली. तिसरीने नाक मुरडून विचारलं, "पण त्या करतात काय?" आणि मग सगळ्याच इतक्या हसल्या की पलीकडच्या बाकावरचे काका वळून बघायला लागले. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. ती मेथी निवडत होती, जुडी मांडीवर, देठं कागदात. मान वर न करता म्हणाली, "कोर्टाला काय माहीत. ज्याचं त्याला माहीत."

'ज्याचं त्याला माहीत.' हे वाक्य मी दीड वर्ष उलटंपालटं करून पाहिलं. त्यात तिने स्वतःला कुठे ठेवलं आहे हे मला सापडलं नाही.

त्या निकालांनी माझ्यासारखीला काय दिलं, हे सांगताना मन दोन्हीकडे ओढलं जातं. पोलिसाची भीती गेली, हे खरं. पण नाव घरोघरी पोचलं, हेही खरं. ज्या आया पूर्वी दोन पोरींना एका खोलीत झोपलेलं बघून पांघरूण नीट करून जायच्या, त्याच आता क्षणभर दारात थांबतात. फार नाही, क्षणभरच. नाव माहीत झालं की निष्पाप हातही तपासला जातो. जिथे काही नव्हतं तिथे लोकांना दिसायला लागलं, आणि जिथे काही होतं त्यांची कडुनिंबाखालची सावली कमी झाली.

आता बँकेची गोष्ट. मी जळगावच्या एका शाखेत ठेवींच्या खिडकीवर बसते. २०२४ च्या ऑगस्टअखेर अर्थ मंत्रालयाकडून एक खुलासा आला होता, की क्विअर व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला किंवा त्याला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. आडकाठी तशी आधीही नव्हती. मैत्रिणीला, शेजाऱ्याला, कोणालाही नॉमिनी करता येतं. पण ते लेखी आलं. आमच्याकडे तो कागद मोठ्याने वाचला गेला, त्यावर एक घाणेरडा विनोद झाला, दोघे हसले, आणि कागद फाइलला लागला. मी जेवणाच्या सुट्टीत तो परत काढून पूर्ण वाचला, हे तुम्हाला सांगते, तिला सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर ती शाखेत आली. शाळेत पगार थोडा वाढला होता, आवर्ती ठेव सुरू करायची होती, महिना दोन हजार, पाच वर्षांसाठी. मी फॉर्म पुढे केले. नॉमिनेशनचा फॉर्म डीए-१ असतो. तो लोक नेहमी घाईत भरतात, आईचं नाव, भावाचं नाव, झालं. तिने पेन तोंडात धरलं आणि म्हणाली, "तुझं लावू?" मी म्हटलं, "माझं काय, दादाचं लाव." "दादाचं पोस्टात आहे. हे तुझं." आणि लिहिलं. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पत्ता, वय. तिला माझं वय बरोबर माहीत होतं, बत्तीस. मग पेन एका रकान्यावर थांबलं. तिथे छापलेलं असतं: ठेवीदाराशी नाते, असल्यास.

"इथे काय लिहू?"

माझ्या मागे शिपाई उभा होता, पुढे रांगेत दोघे. मी म्हटलं, "मैत्रीण लिही."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "असल्यास म्हटलंय ना. नाही लिहिलं तर चालतं ना?"

चालतं. तो रकाना रिकामा असला म्हणून फॉर्म परत जात नाही. रोज शंभर वेळा मी हे लोकांना सांगते. तिने रकाना कोराच ठेवला, सही केली आणि फॉर्म सरकवला. मी शिक्का मारला, पोच दिली. घरी जाताना गाडीत आम्ही बाजारात आलेल्या वांग्यांबद्दल बोललो.

त्या कोऱ्या चौकोनाचा मी किती कीस पाडला ते सांगण्यासारखं नाही. 'मैत्रीण' हा शब्द तिला कमी वाटला म्हणून तिने लिहिला नाही? की इतकं लिहायचीही गरज वाटली नाही? की रांग होती म्हणून कंटाळा केला? मला एक गोष्ट धंद्यामुळे माहीत आहे, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ठेवीदार गेला तर पैसे नॉमिनीच्या हातात पडतात, पण ते वारसांच्या वतीने सांभाळायचे असतात. वारस हक्क सांगत आले तर द्यावे लागतात. खिडकीपलीकडच्या बायांना हे समजावून सांगताना माझा आवाज हल्ली उगाच कोरडा होतो.

आणि मी? हा प्रश्न मी सोयीने मागे ठेवला होता. तिच्या मनात काय आहे, हे शोधण्यात इतकी गुंतले की माझ्या मनाची झडती कोणी घेतली नाही, मीही नाही. पण रविवारी गाडी नसते आणि रविवार मला आवडत नाही. एवढं पुरे आहे. बत्तीस वर्षांची अविवाहित बाई, वडील नाहीत, आई म्हणते 'तुझं वय निघून गेलं', आणि ते ऐकून मला वाईट न वाटता हलकं वाटतं. याचा अर्थ लावायला डॉक्टर लागत नाही.

मग मी एक चूक केली. तिची परीक्षा घेतली. गाडीत मोबाइलवर दोन मुलींच्या लग्नाच्या बातमीची क्लिप लावली, तिच्यापुढे धरली, आणि क्लिपऐवजी तिचा चेहरा बघत बसले. तिने पाच सेकंद पाहिलं आणि म्हणाली, "आवाज कमी कर." बस. त्यातून मला कळलं काय? तर तिला भीती वाटते. पण भीती तर त्या डब्यातल्या कोणालाही वाटली असती, आवाज मोठाच होता. अशा परीक्षांतून प्रेम कळत नाही, फक्त समोरच्याला आपण न सांगता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतो. दुसऱ्यांदा मी मला आलेल्या एका स्थळाची खोटी गोष्ट सांगितली. ती दिवसभर गप्प होती आणि मी मनात उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बघायला कधी येताहेत? माझी मोरपंखी साडी नेस, तुला चांगली दिसते." तेव्हा मला माझीच लाज वाटली. तिच्या गप्पपणाला मी हेवा म्हटलं होतं. तो हेवा असेल, किंवा गाडीत एकटं बसावं लागेल याचं दुःख असेल. साध्या मैत्रिणीलाही ते होतंच.

पुण्यात माझी कॉलेजातली एक मैत्रीण आहे, ती एका बाईबरोबर राहते, तिच्या घरी ठाऊक आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, विचारून टाक ना सरळ, हो तर हो, नाही तर नाही. मला तिचा रागच आला. पुण्यात 'नाही' मिळालं तर माणूस बस बदलतो, खोली बदलतो. इथे ते 'नाही' रोज सकाळी त्याच पॅसेंजरला, त्याच बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसणार. आणि 'हो' मिळालं तर आणखी अवघड, तिचं घर सहा माणसांचं, तिचा फोन रात्री भावाकडे चार्जिंगला असतो. पण रागावून झाल्यावर तिने चार कामाच्या गोष्टी सांगितल्या. लिहून काही विचारू नकोस, लिहिलेलं कोणीही वाचतं आणि कायमचं राहतं. 'तू तशी आहेस का' असं विचारू नकोस. तिला स्वतःलाच ते माहीत नसेल, आणि नाही म्हटल्यावर परतायची वाट राहत नाही. घडलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल विचार. आणि असं विचार की तिला 'काही नाही' म्हणून सुटता येईल आणि उद्या सकाळी रुमाल टाकता येईल.

घडलेली गोष्ट म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. धरणगाव.

कारण सगळ्या गोंधळात मला तीच एक खूण धडधडीत वाटत होती. स्पर्श सगळ्यांसमोर चालतो तिथे तो लपवावासा वाटला, तर ज्याला लपवायचं आहे त्याला काहीतरी म्हणायचं आहे, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. अडीच वर्षं टीसीसमोर, शाळेच्या बाईंसमोर, मामीसमोर न हललेला हात त्या दिवशी हलला. पण त्यालाही दुसरी बाजू निघाली. फेब्रुवारीत आई बोलता बोलता म्हणाली, की त्या वहिनींच्या चुलतभावाचं तिच्यासाठी चाललंय. समाजाच्या मेळाव्याच्या पुस्तकात दोघांची नावं होती, पत्रिका गेल्या आहेत. म्हणजे समोर बसलेली बाई मुलाकडची. मग मुलाकडच्यांसमोर कोणीही नीट बसतं, ओढणी सावरतं, हात मांडीवर घेतं. त्यात मन नाही, शिस्त आहे. माझी धडधडीत खूण पुन्हा पुसट झाली.

विचारायचं कुठे, हाही प्रश्नच होता. गावात एकांत मिळत नाही. घरात आई, गच्चीवर शेजारी, बोरी नदीच्या काठाला ओळखीची माणसं. मार्चमध्ये नवी दादर ज्वारी आली, तेव्हा एका संध्याकाळी ती मला गिरणीवर भेटली. तिची दादर, माझे गहू, नंबर लागलेला. गिरणीत इतका घरघराट असतो की कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलता येत नाही, आणि पिठाची धूळ पापण्यांवर बसून सगळे म्हातारे दिसतात. मला वाटलं, इथेच. तिच्या कानाशी गेले आणि विचारलं, "तुझी सुटी कधी?" तिने ओरडून सांगितलं, "मे!"

निघालो तेव्हा माझं पीठ थोडं आणि तिचं जास्त होतं. तिने दोन्ही पिशव्या एका मोठ्या थैलीत टाकल्या, एक बंद मला दिला, एक तिने घेतला. गरम पिठाचा वास येत होता, थैली दोघींच्या पोटऱ्यांना लागत होती. रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, दिवे नुकते लागलेले. थैली धरून चालणाऱ्या दोन बायांकडे कोणी बघत नाही. आणि समोर बघून चालायचं असल्यामुळे एकमेकींच्या तोंडाकडे बघायची सक्ती नसते.

मी विचारलं, "संक्रांतीनंतर, त्या वहिनी धरणगावला चढल्या ना, तेव्हा तू हात का काढून घेतला?"

ती थांबली नाही. चार-पाच पावलं गेली. मग म्हणाली, "मी कोठे काढा व? तूच काढा ना."

मी म्हटलं, "मी?"

"वहिनी दिसल्या अन् तू हात ओढून पिशवीत घातला. काहीतरी शोधत बसली. माले वाटनं..." तेवढ्यात चेंडू आला, एक पोरगा मागे धावत आला, आम्ही थैली वर उचलली. काय वाटलं ते तिने पुढे सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी पास चाचपत होते. ते मला आठवतं, पास हाताला लागला होता, प्लॅस्टिकचं पाकीट गार होतं. पण धरणगावला टीसी चढला नव्हता. पास कशाला हवा होता?

तिची गल्ली डावीकडे वळते. तिथे थैलीतून पिशव्या वेगळ्या करायच्या, किंवा एकीने बंद सोडायचा. आम्ही कोपऱ्यावर थोडा वेळ उभ्या राहिलो. तिच्या पापणीवर अजून पीठ होतं, ते मी पुसलं नाही. मग ती म्हणाली, "चाल, बाजारातून कोथिंबीर घेऊन येऊ." तिच्या घरी परसात कोथिंबीर आहे. आम्ही सरळ बाजारापर्यंत गेलो आणि परत आलो, दहा-बारा किलो पीठ घेऊन, अजून कोमट.